मदत हवी आहे: एका फेरीनंतर दोन वेगळे नोड सारखेच, मग मॉडेल ओळखणार कसं?

मृण्मयी_कोथरूड: ग्राफ न्यूरल नेटवर्कमधलं मेसेज पासिंग नीट समजावं म्हणून पुणे मेट्रोची सलग चार स्टेशनं घेतली: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. प्रत्येक नोडला एकच फीचर, आकडे काल्पनिक: ९, ९, ०, ०. पहिल्या दोघांचं लेबल ‘घर’, उरलेल्या दोघांचं ‘काम’. मेसेज म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी. एका फेरीनंतर कागदावर ९, ४.५, ४.५, ० आलं. आनंदनगर आणि आयडियल कॉलनी एकच झाले! माझ्या लेयरचा कोडही हेच देतो. वेट्स सगळ्या नोडना सामायिक, म्हणजे कितीही ट्रेनिंग केलं तरी या दोघांचं उत्तर एकच येणार ना?

सदाशिवपेठी: एक लेयर वाढवून बघा, दुसऱ्या फेरीत ते दोघे वेगळे होतात.

मृण्मयी_कोथरूड: केलं. ४.५, ६.७५, २.२५, ४.५. मधले सुटले, पण आता वनाज आणि नळ स्टॉप सारखे झाले.

अनघा_औंध: तुमची शंका बरोबर आहे. आकडा सारखा झाला की त्या लेयरचं कुठलंच वेट त्यांना वेगळं करू शकत नाही. तुमच्या सरासरीत नोड स्वतः नाहीच, त्यामुळे आनंदनगरचे ९ शेजाऱ्यांकडे गेले आणि त्याच्याकडे काहीच उरलं नाही. त्यालाही धरा: ९, ६, ३, ०. दुसऱ्या फेरीत ७.५, ६, ३, १.५. घर आणि काम दोन्ही वेळा स्वच्छ वेगळे. PyTorch Geometric मधलं `GCNConv` नोडला स्वतःशी जोडणारा सेल्फ लूप आपोआप घालतं, पण `MessagePassing` वरून स्वतः लेयर लिहिला की forward मध्ये आपणच घालायचं:

```python
edge_index, _ = add_self_loops(edge_index, num_nodes=x.size(0))
```

प्रोजेक्टवाला_२५: ताई, माझ्या कोरा डेटासेटवर `GCNConv` च आहे, तरी आठ लेयरला अचूकता पार घसरली. सेल्फ लूप काढून टाकू का?

अनघा_औंध: नको रे, तुझं दुखणं वेगळं आहे. वरचंच उदाहरण पुढे ने: तिसऱ्या फेरीत ६.७५, ५.५, ३.५, २.२५. वनाज आणि नळ स्टॉपमधलं अंतर ९ वरून ४.५ वर आलं, आणि फेऱ्या वाढवत नेल्या तर चौघेही ४.५ कडे सरकतात. कोराचे २,७०८ नोड असेच एकमेकांत मिसळतात. किप्फ आणि वेलिंग यांच्या मूळ GCN मॉडेलमध्ये दोनच लेयर होते. शेवटच्या लेयरमधून निघालेले व्हेक्टर छापून बघ, वेगवेगळ्या वर्गांचे नोड जवळजवळ सारखे दिसले तर हेच कारण.

सदाशिवपेठी: पण शेजारी मुळातच उलट्या लेबलचे असले तर? घर, काम, घर, काम अशी रांग असेल तर स्वतःला धरूनही सरासरी बिघडवणारच.

अनघा_औंध: हो, ९, ०, ९, ० घेतलं तर एका फेरीत ४.५, ६, ३, ४.५ होतं, म्हणजे मधले दोघे चक्क उलटे. तिथे स्वतःचं वेट आणि शेजाऱ्यांचं वेट वेगळं ठेवायचं, `SAGEConv` तसं ठेवतं. मग शेजाऱ्यांचं वेट ऋण शिकता येतं.

मृण्मयी_कोथरूड: सेल्फ लूप घातला, कागद आणि कोड जुळले. पण एकाच ग्राफमध्ये काही शेजारी सारखे, काही उलटे असतील तर? शेजाऱ्यांचं वेट तर सगळ्यांना एकच.

अनघा_औंध: तिथे प्रत्येक शेजाऱ्याला वेगळा गुणांक देणारं अटेन्शन लावून बघता येईल. तरी साध्या अटेन्शनचे गुणांक शून्याच्या वरच राहतात, त्यामुळे ते शेजाऱ्याचा आवाज कमी करतं, उलटा करत नाही. यावर कुणी काम केलं असेल तर लिहा.