रिव्हर्सिबल म्हणजे ब्लॉकेज जाईल असं नाही

"हृदयाच्या न्यूक्लिअर स्ट्रेस स्कॅनमध्ये रिव्हर्सिबल डिफेक्ट आलाय, म्हणजे ब्लॉकेज औषधाने विरघळेल ना?"

नाही हो, स्ट्रेसच्या, म्हणजे हृदयाला श्रम दिल्यावरच्या, फोटोत त्या भागात ट्रेसर, म्हणजे शिरेतून दिलेलं किरणोत्सर्गी द्रव्य, कमी पोचला आणि आरामाच्या फोटोत नीट पोचला एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे स्नायू जिवंत आहे पण श्रमात रक्त कमी पडतंय. दोन्हीत कमी असता तर बहुधा जुन्या अटॅकचा व्रण. स्ट्रेस इकोत, म्हणजे श्रमात केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हृदयाची भिंत नीट आकुंचन पावते का ते बघतात, आणि आकुंचन बिघडणं ही रक्त कमी पडल्यानंतरची पुढची पायरी, त्यामुळे सौम्य अडथळा कधीकधी निसटतो.

पण ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक, म्हणजे रक्तवाहिनीतला नव्हे तर हृदयातल्या विद्युत संदेशाच्या मार्गातला अडथळा, आहे का बघा, तो असताना ट्रेडमिलवर चालवून स्कॅन केला तर ब्लॉकेज नसतानाही सेप्टममध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीत, असा डिफेक्ट दिसू शकतो, म्हणून अशांना अ‍ॅडेनोसिनसारखं औषध देऊन स्कॅन करतात. डिफेक्ट कुठे आहे नि स्ट्रेस कसा दिला, डॉक्टरांना विचाराच.