कोलेसिस्टेक्टॉमी : डिक्शनरी नसताना शब्द फोडायचा कसा?

राधानगरीकर
आजीची जुनी फाइल सापडली. तिला एवढंच आठवतंय की पोटाचं ऑपरेशन झालंतं. कार्डावर लिहिलंय लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी. इकडं रेंज नाही आणि डिक्शनरी कुणाकडं असणार. तात्यांनी शब्द फोडला, कोलन म्हंजे मोठं आतडं, सिस्ट म्हंजे गाठ, एक्टॉमी म्हंजे काढणं, म्हंजे आतड्याची गाठ काढली, आणि विम्याच्या फॉर्मवर तेच लिहायला निघाले. मी हात धरला खरा, पण चुकलंय कुठं सांगता येईना. आज कोल्हापुरात आलोय म्हणून विचारतो.

बिंदू चौक
तात्या बरोबर आहेत की. एक्टॉमी म्हंजे कापून काढणं, लॅटिन आहे. बाकी अंदाजच.

मीराताई
अर्थ बरोबर, पण शब्द ग्रीक. ग्रीक 'एक्' म्हणजे बाहेर, टोमे म्हणजे काप. फोडताना शेवटाकडून सुरुवात करायची, काय केलं ते शेपटात असतं, कशाचं ते आधी. घोटाळा पुढच्या दोन तुकड्यांत आहे. सिस्टचं मूळ कीस्टिस, म्हणजे पिशवी. म्हणून सिस्टायटिस म्हणजे गाठ सुजणं नव्हे, मूत्राशयाचा दाह. आणि कोलेचं स्पेलिंग बघा, सीनंतर एच आहे का? chole म्हणजे पित्त. कोलनमध्ये एच नाही, आतडं काढलं असतं तर कोलेक्टॉमी झालं असतं. देवनागरीत दोन्हीकडं 'कोले'च दिसतं, म्हणून फोडताना मूळ अक्षरं समोर हवीत. सीएचचा उच्चार क असेल तर शब्द बहुधा ग्रीक, कोरस आठवा.

राधानगरीकर
एच आहे! म्हंजे पित्ताची पिशवी काढली?

मीराताई
हो, पण एका शब्दावर थांबू नका. डायग्नोसिसच्या ओळीत काय आहे?

राधानगरीकर
कोलेलिथियासिस. त्यातबी एच आहे.

मीराताई
लिथोस म्हणजे दगड. पित्ताचे खडे, म्हणून पिशवी काढली. दोन शब्द एकमेकांना धरून आहेत. असं जुळलं नसतं तर मी फॉर्मवर लिहू दिलं नसतं, मुळावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. इन्फ्लेमेबलमधला इन् 'नाही'वाला समजून कुणी टँकरजवळ विडी पेटवली तर?

मराठीप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? पित्ताशय काढले असं मराठीत लिहायला डॉक्टरांचा हात दुखतो का?

बिंदू चौक
आणि विमावाल्याला पित्ताशय कोण समजावणार, तुम्ही?

मराठीप्रेमी
पित्त अधिक आशय. तुमच्या ग्रीकसारखाच फुटतो, आणि तात्यांना एका दमात कळला असता.

कळंबा
कोलेस्टेरॉलमधलं कोले हेच का? माझं वाढलंय, म्हंजे पित्त वाढलं?

मीराताई
मूळ तेच, तो पदार्थ आधी पित्तखड्यांत सापडला म्हणून. तुमच्या रिपोर्टातला आकडा रक्तातला, त्याचा पित्ताशी संबंध लावू नका.

कळंबा
मग पांढरा रस्सा चालंल का नाही ते सांगा.