मदत हवी आहे: आईच्या पायांवर सूज आणि रात्री दम

डॉक्टर, नमस्कार. आईचा (वय ७१, हृदय कमजोर म्हणून तुमच्याच गोळ्या चालू आहेत) त्रास आठवडाभर वाढतच चाललाय.

सोमवारी चपलेचा पट्टा आवळतो म्हणाली. आता नडगीवर बोटाने दाबलं की खळगा राहतो आणि लवकर भरून येत नाही. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करतो. सोमवारी ५८ किलो होतं, आज ६०.५. जेवण उलट कमी झालंय, म्हणजे हे पाणीच साठतंय असं मला वाटतं.

जास्त भीती रात्रीची वाटते. एका उशीवर झोपणारी आई आता तीन उशा घेते. परवापासून मध्यरात्री खोकल्याने जागी होते आणि उठून बसल्यावरच तिला बरं वाटतं. आज बीपी १४८/८६, नाडी ९६, ऑक्सिजन ९४. ताप किंवा छातीत दुखणं नाही.

गुडघ्यांसाठी ती गेल्या आठवड्यापासून डायक्लोफिनॅक घेत होती. त्यानेही अंगात पाणी धरतं ना? आजपासून ती बंद केलीय. लघवीची गोळी सकाळी एकच चालू आहे, मनाने वाढवलेली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात आणू, की थेट हॉस्पिटलात नेऊ? ईसीजी आणि क्रिएटिनिन आधीच करून घेऊ का? बसल्या जागी दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, तर तुमच्या उत्तराची वाट न पाहता १०८ ला फोन करतो.