डीएनएवरून उंचीचा अंदाज: एका माणसाच्या बाबतीत कितपत धरायचा?

भिंगरी
मुलगा अकरा वर्षांचा आहे. लाळेच्या नमुन्यावरून डीएनए चाचणी करून घेतली, तर अहवालात ‘प्रौढपणीची उंची १८१ सें.मी.’ असा एकच आकडा आलाय. नवरा म्हणतो, ही नव्या जमान्याची पत्रिका. माझं मत, ५४ लाख लोकांच्या अभ्यासातून आलेला आकडा इतका फुसका नसणार. तुम्हाला काय वाटतं?

उंटावरचा शहाणा
माझं मत नवऱ्याला. त्यासाठी लाळ कशाला, आईबापांकडे बघा की. सगळा धंदा आहे.

रावसाहेब
धंदा असेल, पण विज्ञान पक्कं आहे. उंची ८० टक्के आनुवंशिक असते हे जुळ्यांच्या अभ्यासातून केव्हाच दिसलंय. म्हणजे डीएनए हातात आला की ८० टक्के काम झालं, उरलेलं २० टक्के खाणंपिणं. शॉन ब्रॅडली हा २२९ सें.मी. उंचीचा अमेरिकन बास्केटबॉलपटू. त्याचा डीएनए तपासला तर उंचीचा स्कोअर अफाट निघाला. आणखी काय पुरावा हवा?

तराजू
रावसाहेब, ८० टक्के बरोबर, पण ते माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. आणि फरक आनुवंशिक असणं वेगळं, तो डीएनएत नेमका कुठे आहे हे सापडणं वेगळं.

स्कोअर काढतात तो असा. डीएनएत ज्या जागी लोकांमध्ये एका अक्षराचा फरक असतो, अशा जागा घ्यायच्या. प्रत्येक जागी उंची वाढवणारं अक्षर तुमच्याकडे शून्य, एक की दोन वेळा आहे ते बघायचं, त्या जागेच्या वजनाने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. वजनं मात्र चिमुकली. एचएमजीए२ जनुकाजवळची जागा २००७ मध्ये सापडली, ती यातली दांडगी. तिचं एक अक्षर सुमारे ४ मिलिमीटर देतं. बहुतेक जागा त्याहून बारीक. ५४ लाखांच्या त्या २०२२ च्या अभ्यासात अशा १२,१११ जागा निघाल्या आणि सगळ्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक पकडतात.

आता ४० टक्के एका मुलासाठी काय ते बघा. पुरुषांची सरासरी १७५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे लोक सरासरीपासून साधारण किती वरखाली असतात ते, ७ सें.मी. धरू. काहीही न तपासता मी म्हणेन, शंभरातले ९५ जण १६१ ते १८९ मध्ये. स्कोअरने ४० टक्के फरक पकडला की ६० टक्के उरतो, पण हा फरक विचलनाच्या वर्गात मोजतात, त्यामुळे विचलनासाठी त्याचं वर्गमूळ घ्यावं लागतं. म्हणून ७ चं होतं ५.४. ‘१८१’ याचा प्रामाणिक अर्थ १७० ते १९२. अठ्ठावीस सेंटिमीटरची खिडकी एकवीस-बावीसची झाली, एवढंच.

ब्रॅडलीचं उदाहरण उलट्या बाजूने आलंय. आधी अतिउंच माणूस निवडला, मग स्कोअर पाहिला. सरळ दिशेने जाऊ. समजा कुणाचा स्कोअर सरासरीच्या चार विचलनं वर आहे, म्हणजे लाखांत तीन-चार जणांचाच असेल इतका. तरी अंदाज १९३ च्या आसपासच येतो. २२९ नाही.

उंटावरचा शहाणा
म्हणजे मी तेच म्हणत होतो, फक्त वर्गमूळ न काढता.

जुई
माझ्या अहवालात १६५ होतं, मी आहे १५७. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय! कंपनीकडे पुन्हा चाचणी मागितली तर ‘अंदाज हा अंदाज असतो’ असं गुळमुळीत उत्तर आलं.

तराजू
जुई, अदलाबदल गृहीत धरायची गरज नाही. स्त्रियांत विचलन थोडं कमी असतं, स्कोअरनंतर पाचेक सें.मी. उरतं. आठ सेंटिमीटर कमी भरणं हे अठरा-वीस जणींत एकीच्या वाट्याला येतंच, आणि तेही वजनं तुमच्या वंशाला लागू असतील तर. त्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश लोक युरोपीय वंशाचे होते, दक्षिण आशियाई दीड टक्क्याच्या आसपास. इतर वंशांत तोच स्कोअर १० ते २० टक्केच फरक पकडतो. कारण मोजलेली जागा बहुधा खऱ्या कारणाची शेजारीण असते, आणि ही शेजारसोबत वंशागणिक बदलते.

भिंगरी, १५ टक्के धरून बघा. स्कोअर तोच, पण अंदाज १८१ नव्हे, १७९ च्या आत यायला हवा, आणि खिडकी १६६ ते १९१. कंपनीने युरोपीय वजनं तशीच वापरली असतील तर आकडाही फुगलाय आणि त्याची खात्रीही.

छोटे दवाखानेवाले
मी मुलांचा डॉक्टर. वडिलांची आणि आईची उंची मिळवा, मुलगा असेल तर १३ सें.मी. वाढवा, निम्मे करा. हा हिशोबही साधारण ४० टक्क्यांच्याच घरात जातो, आणि फुकट. अकराव्या वर्षी तर मी डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघेन. मूल आज किती उंच आहे ते त्याच्या जोडीला धरलं, की वाढ किती शिल्लक आहे हे दिसतं. स्कोअर मुलाच्या जन्माच्या दिवशी जेवढा होता तेवढाच आजही आहे. थायरॉइड बिघडलाय का, वाढीचं हार्मोन कमी आहे का, त्याला पत्ता नाही.

विरळ बदलही त्यातून निसटतात. पेरूमधल्या लोकांत एफबीएन१ जनुकातला एक बदल सापडला, त्याची एक प्रत सुमारे २.२ सें.मी. उंची घटवते. पेरूतल्या लोकांत तो बऱ्यापैकी आढळतो, बाहेर जवळपास नाहीच. युरोपीय आकडेवारीतून बनलेल्या स्कोअरला तो दिसणार कसा?

तराजू
डॉक्टर, एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडतो. आईबापांचा हिशोब सगळ्या भावंडांना एकच आकडा देतो. सख्ख्या भावांत कुणाला कोणती अक्षरं आली, हे फक्त डीएनएच सांगतो. म्हणून दोन्ही एकत्र केले की पकड ४० वरून ५० टक्क्यांच्या वर जाते. फक्त दोन आकड्यांची साधी सरासरी काढायची नाही. त्यांत बरीच माहिती सामाईक असते, ती दोनदा मोजली जाते.

छोटे दवाखानेवाले
कागदावर मान्य. पण खूप मुलं असलेल्या २८ कुटुंबांत हे तपासलं गेलंय. सगळ्यात वरचा स्कोअर असलेलं भावंडच सगळ्यात उंच, असं फक्त ७ कुटुंबांत निघालं. दहा भावंडांत चिठ्ठ्या टाकल्या तरी दहातून एकदा बरोबर येतं. चारातून एकदा म्हणजे माहिती आहे, पण त्यावर मी कुणाला काही सांगणार नाही.

रावसाहेब
अहो, हे सगळं आजचं. संपूर्ण जीनोम वाचला की विरळ बदलही हाती येतील आणि ८० च्या जवळ जाल. मी माझं म्हणणं सोडत नाही.

तराजू
जीनोम वाचणं सोपं झालंय. पण दहा हजारांत एकाकडे असलेल्या बदलाचं वजन ठरवायला तो बदल असलेली पुरेशी माणसं तर हवीत. आणि ८० ला पोहोचलात तरी विचलन ७ चं ३.१ होईल, म्हणजे वरखाली सहा सेंटिमीटर राहतीलच.

भिंगरी
नवरा १७२, मी १६०. डॉक्टरांच्या हिशोबाने १७२.५ येतं, अहवाल १८१ म्हणतो. आणि वजनं कोणत्या लोकांवरून घेतली, ते अहवालात कुठेच नाही.

तराजू
मग आधी तेच लेखी विचारा. ते कळल्याशिवाय १८१ कडे किती झुकायचं हे ठरवता येणार नाही. माझा कल १७५ च्या आसपास, वरखाली दहा.

उंटावरचा शहाणा
वरखाली दहा! १६५ ते १८५. हे तर मी लाळ न बघताही सांगितलं असतं.

छोटे दवाखानेवाले
आज उंची किती आहे त्याची, आणि गेल्या वर्षभरात किती वाढला?