मदत हवी आहे: व्याध सेकंदाला ७८० किमी वेगाने दूर चाललाय? माझं कुठे चुकतंय?

गच्चीबहाद्दर

नमस्कार मंडळी. मुलुंडला सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला माझी ८० मिमीची दुर्बीण लागते. तिच्यामागे मोनो कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग. त्यामुळे फोटोत एका टोकाला ताऱ्याचा ठिपका आणि बाजूला त्याचा वर्णपट, असं दोन्ही येतं. जानेवारीत दोन रात्री व्याध आणि काक्षी टिपले. आता तीन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत.

पहिली. व्याधात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत आल्या. काक्षीत हायड्रोजन जवळपास दिसतच नाही, नुसते टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे. म्हणजे काक्षीत हायड्रोजन संपलाय आणि टायटॅनियम भरलंय, असं समजायचं का?

दुसरी. ग्रेटिंगपासून चिपपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, ५० मिमी. पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. ठिपक्यापासून रेषा किती पिक्सेलवर आहे ते मोजून कोन काढला, साइन लावून तरंगलांबी काढली. व्याधाच्या रेषा अशा आल्या: ४३५१, ४८७४, ६५८० अँगस्ट्रॉम. पुस्तकात ४३४०, ४८६१, ६५६३ आहेत. तिन्ही लाल बाजूला सरकल्यात. डॉप्लरचं सूत्र लावलं तर तिन्हींतून वेग ७६० ते ८०० च्या मध्ये येतो, सरासरी ७८० किमी प्रति सेकंद. एकाच रेषेचा आकडा असता तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन रेषा एकच साक्ष देतायत!

तिसरी. ७६२५ ला एक काळी रेषा आहे ती कुणाची? माझ्या यादीत त्या जागी काहीच नाही.

---

कोकणभटक्या

रेषा लाल बाजूला सरकली म्हणजे तारा दूर जातोय, हे बरोबर आहे तुमचं. आणि रेषा जितकी गडद तितका तो पदार्थ जास्त, साधा हिशेब आहे. काक्षी म्हातारा तारा, त्याने हायड्रोजन जाळून संपवला असणार.

आपल्या मराठी माणसाने तर हे विसरूच नये. विजयदुर्ग किल्ल्यावर १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने हेलियमची रेषा पकडली. ते 'साहेबाचे ओटे' अजून तिथे आहेत. मी दोनदा पाहून आलोय, फोटो हवे असतील तर टाकतो.

---

रेषाळू

मलाही असंच झालंय! मी कांदिवलीहून गुरूचा वर्णपट घेतला, तर पिवळ्या भागात एवढा मोठा काळा खड्डा. गुरूवर सोडियमचे ढग आहेत का? रस्त्यावरच्या दिव्यांचा त्रास नको म्हणून मी लाइट पोल्युशन फिल्टर लावतो, तो गच्चीबहाद्दरनेही लावून बघावा. कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते विचारा, सांगतो.

---

आर्द्रा

गच्चीबहाद्दर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यात लपलंय, म्हणून उलटी सुरुवात करते.

७६२५ ची ती रेषा ताऱ्याची नाहीच. ती आपल्या हवेतल्या ऑक्सिजनची आहे. ताऱ्याचा प्रकाश मुलुंडच्या गच्चीवर उतरताना वाटेत ऑक्सिजन त्यातला तेवढा घास खातो. खरं तर तो बारीक रेषांचा झुबका आहे. तुमच्या साधनात तो एकच रेष होऊन ७६०५ च्या आसपास दिसायला हवा. काक्षीच्या फोटोतही त्याच जागी मिळेल, शोधा.

आता हिशेब करा. ७६०५ चे ७६२५ झाले, म्हणजे ०.२६ टक्के वाढ. हायड्रोजनच्या तिन्ही रेषांचीही वाढ तेवढीच, ०.२६ टक्के. व्याध दूर पळत असता तर फक्त व्याधाच्या रेषा सरकल्या असत्या. आपली हवा काही सेकंदाला ७८० किमीने मुंबई सोडून पळत नाहीये! हवेची रेषही सोबत सरकली म्हणजे तुमची मोजपट्टीच ताणली गेली आहे.

कारण ते ५० मिमी. अंतर खरं ५०.१३ मिमी असलं तर बरोबर एवढाच फरक पडतो, आणि पट्टीने ०.१३ मिमी कुणाला मोजता येणार? हायड्रोजनच्या तांबड्या रेषेशी हा फरक जेमतेम सव्वादोन पिक्सेलचा आहे. तीन रेषांची एकच साक्ष म्हणून तुम्ही फसलात, पण तिथेच गोम आहे. डॉप्लर सगळ्या तरंगलांबी एकाच प्रमाणात ताणतो, आणि ठिपक्यापासून मोजलेल्या वर्णपटात अंतराची चूकही तेच करते. ताऱ्याच्या कितीही रेषा मोजल्या तरी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणार नाहीत. त्यासाठी ताऱ्याची नसलेली एखादी रेष हवी.

---

गच्चीबहाद्दर

आयला! काक्षीतही ७६२४ ला सापडली. मग आता व्याधाच्याच ४८६१ आणि ६५६३ वर पट्टी बसवली तर चालेल का?

---

आर्द्रा

रेषा ओळखायला चालेल, वेगाला नाही. ज्याचा वेग मोजायचा त्याच्याच रेषा खुणेला धरल्यात तर वेग कायम शून्य येणार.

आणि खरं सांगू का, या जोडणीत व्याधाचा वेग निघणारच नाही. व्याध आपल्याकडे येतोय, दूर जात नाहीये. वेग सेकंदाला साधारण साडेपाच किमी. त्याने तांबडी रेष सरकते ०.१२ अँगस्ट्रॉम, आणि तुमचा एक पिक्सेल साडेसात अँगस्ट्रॉमचा. म्हणजे पिक्सेलचा साठावा भाग. त्यावर पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरते. वर्षात कधी व्याधाच्या दिशेने सेकंदाला २३ किमीपर्यंत जाते, कधी तेवढीच उलट, आणि तेही वजा करावं लागतं. त्याला बारीक फटीचा स्पेक्ट्रोग्राफ लागतो, आणि खुणेसाठी निऑन-अरगॉनचा दिवा ताऱ्याच्या अगदी आधी आणि नंतर टिपावा लागतो.

मनाला लावून घेऊ नका. ताऱ्याचा असा वेग पहिल्यांदा मोजायला बसले ते विल्यम हगिन्स, १८६८ साली, तेही व्याधावरच, कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीतून डोळ्याने पाहून. त्यांचं उत्तर आलं सेकंदाला २९.४ मैल, आणि तेही दूर जाताना. पद्धत बरोबर होती, आकडा आणि दिशा दोन्ही चुकल्या.

---

कोकणभटक्या

बरं, वेगाचं पटलं. पण गडद रेष म्हणजे जास्त पदार्थ, हे तर बरोबर ना?

---

आर्द्रा

दोन तारे एकाच तापमानाचे असतील तर बऱ्याच अंशी. व्याध आणि काक्षी यांच्यात मुळीच नाही.

आपण पाहतो त्या रेषा हायड्रोजनचा कुठलाही अणू उमटवत नाही. ज्याचा इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढलेला आहे, तोच उमटवतो. ती पायरी फार उंच आहे आणि चढायला उष्णता लागते. व्याधाच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ९,९०० केल्विन, तिथे चाळीस हजार अणूंत एखादा चढलेला सापडतो. सूर्यावर ५,८०० ला वीस कोटींत जेमतेम एक. काक्षीच्या ३,६०० ला हाच हिशेब पन्नास लाख कोटींत एक असा येतो. म्हणजे काक्षीतही बहुतेक सगळा हायड्रोजनच आहे, पण तो आपल्या रेषांपुरता मुका आहे. त्याने गाभ्यातला हायड्रोजन संपवला हे खरं, पण आपण पाहतो तो बाहेरचा थर.

उलट टोकालाही हेच. १०,००० च्या बरंच वर गेलं की इलेक्ट्रॉन अणूतून सुटूनच जातात आणि रेषा पुन्हा फिकट होतात. हा हिशेब कसा करायचा ते १९२० मध्ये मेघनाद साहांनी दाखवलं. तो लावून १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांच्या प्रबंधात उत्तर आलं की ताऱ्यांत हायड्रोजन बाकी सगळ्यांपेक्षा प्रचंड जास्त आहे. हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटेना, म्हणून हे प्रमाण बहुधा खरं नाही, असं पेन यांना प्रबंधात लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले.

टायटॅनियमचं म्हणाल तर सूर्यात कोटीभर हायड्रोजनमागे त्याचा एखादा अणू आहे, काक्षीतही काही भरून वाहत नाही. पण त्याच्या ऑक्साइडचा रेणू प्रकाश खाण्यात भलता तरबेज, आणि तो फक्त थंड ताऱ्यातच टिकतो. व्याधावर तुटून जाईल. तेव्हा तुमच्या दोन फोटोंतला फरक आधी तापमानाचा आहे. तापमान ठरलं की मगच घटकांचं प्रमाण, तेही रेषा बारीक मोजता आल्या तर.

कोकणभटक्या, विजयदुर्गाचं एक. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर भारतात नव्हते. त्यांनी ती पिवळी रेष ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना पाहिली. ग्रहणात आंध्रात गुंटूरला होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. आणि ती रेष काळी नव्हती, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांतली तेजस्वी होती. सूर्याच्या दृश्य प्रकाशात हेलियमची काळी रेष जवळपास मिळत नाही, तरी वजनाने सूर्याचा चौथा हिस्सा हेलियम आहे.

---

कोकणभटक्या

ओट्यांवर उभं राहून गाइडने छातीठोकपणे १८६८ सांगितलं होतं. पुढच्या खेपेला भांडतो.

---

गच्चीबहाद्दर

ताई, खूप आभार. हवेची रेष ७६०५ धरून पुन्हा गणित केलं. अंतर ५०.१३ निघालं, आणि हायड्रोजनच्या रेषा आता ४ अँगस्ट्रॉमच्या आत बसतात. ४ अँगस्ट्रॉम म्हणजे तांबड्या रेषेपाशी १८० किमीचा वेग, म्हणून वेगाच्या रकान्यात सरळ "मोजता येत नाही" लिहिलं.

एक शंका उरली. काक्षीत ६५६३ ला अगदी छोटा खड्डा दिसतोय. पन्नास लाख कोटींत एक म्हणालात, मग तो कुठून आला?

---

आर्द्रा

दोन शक्यता आहेत. तिथे ऑक्साइडच्या दोन पट्ट्यांमधला उंचवटा-उतार आहे, तुमच्या साधनात तोही खड्ड्यासारखा दिसू शकतो. किंवा खरंच हायड्रोजन असेल. माझा हिशेब अणू एकमेकांवर भरपूर आपटतायत असं धरून केलेला आहे, आणि महाकाय ताऱ्याच्या विरळ बाहेरच्या थरात तसं होत नाही. अशा ताऱ्यांत ही रेष हिशेबापेक्षा ठळक मिळते. तुमच्या फोटोवरून यातलं कुठलं, हे मी ठरवू शकत नाही. फटीचा स्पेक्ट्रोग्राफ असलेलं कुणी इथे असेल तर काक्षीचा आलेख टाका.

---

रेषाळू

माझ्या गुरूचं राहिलंच की हो!

---

आर्द्रा

रेषाळू, तुमचा फिल्टर पिवळा प्रकाश अडवायलाच बनवलाय. खड्डा त्याचा आहे. काढून पुन्हा फोटो घ्या, आणि गच्चीबहाद्दरला तो लावायला सांगू नका.

---

रेषाळू

काढून बघतो. पण मग रस्त्यावरच्या दिव्यांचं काय करायचं?