मानसिक आजाराचा क्लेम नाकारला: पत्रात कायदा आधी की पॉलिसीचं कलम?

मुग्धा: भाऊ बायपोलर मेनियामुळे 11 दिवस दाखल होता. "Excl04, दाखल करणं केवळ तपासणीसाठी" म्हणून क्लेम नाकारला. पॉलिसीत मानसिक आजार कव्हर आहे असं स्पष्ट लिहिलंय. फेरविचाराच्या पत्रात काय लिहू?

श्रीरंग: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 21(4). शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यावंच लागतं. एवढं एक वाक्य लिहा, कंपनी गप्प बसेल.

वैशाली: श्रीरंग, कलम बरोबर आहे, पण इथे ते पुरणार नाही. मानसिक आजार कव्हर नाही असं कंपनी म्हणतच नाहीये. "शारीरिक आजारालाही Excl04 लागतंच," असं उत्तर येईल आणि महिना वाया जाईल.

मुग्धाताई, आधी नाकारल्याच्या पत्रातलं वाक्य आणि पॉलिसीतलं Excl04 शेजारी ठेवून वाचा. दाखल होणं मुख्यतः आणि फक्त निदान-तपासणीसाठी असेल, तरच ते लागू होतं. म्हणजे उपचार झाले हे दाखवलं की मुद्दा ढासळतो. हॉस्पिटलकडून इनडोअर केसपेपर आणि नर्सिंग चार्ट मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर बहुधा "निरीक्षणासाठी दाखल" एवढंच असतं, क्लेम तिथेच अडकतो. मग पत्रात असं लिहा (तपशील तुमच्या कागदांतले घाला):

"दाखल करतेवेळी रुग्ण चार रात्री झोपलेला नव्हता आणि घरी सांभाळणं धोक्याचं होतं. पहिले तीन दिवस इंजेक्शनं दिली. लिथियम सुरू केलं, सहाव्या दिवशी रक्तातली पातळी पाहून डोस वाढवला. ही तपासणी उपचाराचाच भाग होती."

त्याखाली पॉलिसीतलं मानसिक आजाराचं कलम आणि "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार" ही व्याख्या, पान क्रमांकासह शब्दशः उतरवा. घरी उपचार का शक्य नव्हते, याचं डॉक्टरांचं पत्र जोडा. 21(4) शेवटी.

श्रीरंग: शेवटी का? कायदा पॉलिसीपेक्षा मोठा आहे. तो वर असला की तक्रार विभाग फाइल गांभीर्याने घेतो.

वैशाली: वर ठेवायला हरकत नाही, पण एक ओळच. फाइल पाहणारा कारणाच्या कोडचं उत्तर शोधतो.

प्रशांत: मेव्हण्याला दारू सोडवायला 28 दिवस ठेवलं होतं, आमचाही क्लेम नाकारला. हेच पत्र चालेल ना?

वैशाली: नाही, प्रशांतजी. तुमच्याकडे Excl12 लावलं असणार, ते व्यसनाच्या उपचाराबद्दल आहे. तिथे नर्सिंग चार्टने काम होत नाही.

श्रीरंग: पण कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही येते. मग Excl12 टिकतं कसं?

वैशाली: हा मुद्दा जोरदार आहे. लोकपालांपुढे मांडा, निकाल कुठे झुकेल ते मी सांगू शकत नाही. मुग्धाताई, तुमची वाट सरळ आहे: पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, पोच ठेवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपाल. नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं, फी नाही.

मुग्धा: केसपेपर मागायला उद्याच जाते. डॉक्टरांनी "निरीक्षण" हा शब्द बदलून द्यावा का?

वैशाली: जुनं कार्ड बदलायला सांगू नका, खाडाखोड वाटते. वेगळं स्पष्टीकरणपत्र घ्या, आजच्या तारखेचं.