मदत हवी आहे: लेक भर बाजारात लोळण घेते तेव्हा काय म्हणावे?

चिमुरडीची आई: नमस्कार. माझी लेक अडीच वर्षांची आहे. परवा भर दुपारी नवी पेठेत फुगा घेऊन दिला नाही म्हणून तिने दुकानाच्या पायरीवरच लोळण घेतली. जेवण व्हायचे होते आणि झोपही टळली होती. मारायचे नाही आणि फुगाही द्यायचा नाही, एवढे आमचे ठरलेले आहे. परंतु अशा वेळी माझ्या तोंडून एक तर व्याख्यान बाहेर पडते, नाही तर धमकी. तिला म्हणता येतील आणि मलाही सावरतील अशी छोटी वाक्ये कोणी सुचवील का? विनोद चालेल, फक्त तो तिच्यावर नको.

निवृत्त बालवाडीताई: प्रथम मनातल्या मनात ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणावे. म्हण साधेपणाची आहे, पण आपली पोर या क्षणी उपाशी आहे की पेंगुळलेली, हे तिच्यामुळे आठवते आणि निम्मे कोडे तिथेच सुटते. मग उकिडवे बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन एवढेच म्हणावे, ‘तुला फुगा हवा होता. मिळाला नाही, म्हणून राग आला.’ त्यानंतर गप्प राहावे, कारण रडण्याचा जोर असताना कारणमीमांसा तिच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. हुंदके ओसरू लागले की विचारावे, ‘पायऱ्या तू उतरतेस, की मी उचलून घेऊ?’ दोन्ही पर्याय आपल्याला चालणारेच असावेत. बघ्यांसाठी मात्र ‘प्रयोग विनामूल्य आहे, जागा मर्यादित आहेत’ हे वाक्य मनातच ठेवावे.

सात रस्त्याचे काका: एवढे कशाला? सरळ पाठ फिरवून चालू लागावे, मूल आपोआप मागे येते.

निवृत्त बालवाडीताई: काका, हट्टाकडे लक्ष देऊ नये हे खरे, पण मुलाला नजरेआड करू नये. शेजारून रिक्षा धावत असताना तर नाहीच. शिवाय नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी फुगा दिला, तर जास्त वेळ रडले की फुगा मिळतो, एवढेच ते शिकते.

होटगी रोडची आजी: आमचा नातू रडता रडता श्वास धरतो आणि ओठ निळे पडतात. त्याला कोणते वाक्य म्हणू?

निवृत्त बालवाडीताई: आजी, तिथे वाक्य पुरणार नाही. त्याला कुशीवर निजवावे, हलवू नये, तोंडात पाणी घालू नये. बहुधा मिनिटभरात श्वास परत येतो. न आल्यास थेट रुग्णालय गाठावे. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. अशा मुलांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते, म्हणून ते रक्त तपासायला सांगतील.

चिमुरडीची आई: मनःपूर्वक आभार, ताई. काल केळ्याच्या गाडीपाशी ‘राग आला’ म्हणून पाहिले, तर तिने ‘खूप आला!’ असे ओरडून आणखी जोराने रडून घेतले. पण उचलून घेण्याचा पर्याय मात्र तिने लगेच निवडला. आता ‘एक धपाटा दे, गप्प बसेल’ म्हणणाऱ्या सासूबाईंना काय म्हणावे?

सात रस्त्याचे काका: त्यांना दोन पर्याय देऊ नका.